माल परत पाठवला

आधी ताईंबद्दल सांगते, मग बाकीचं. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिन्याने चढून गेलं की ताईंचं ऑफिस लागतं. त्या जीएसटीच्या कर सल्लागार. आमच्यासारख्या वीस-पंचवीस छोट्या कारखान्यांची रिटर्न्स त्या भरतात. डोळे अधू झालेत, म्हणून कागद नाकाशी धरून वाचतात आणि तसं वाचत असताना कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. मी आज नगरमध्ये आहे, एमआयडीसीतल्या त्याच ऑफिसात त्याच खुर्चीवर बसते आहे, ते या बाईंमुळे. त्यांना हे आवडणार नाही, पण मी लिहिणार.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात. नववी झाली आणि शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी गावातल्या चार पोरींबरोबर इथे कामाला आले. कारखाना पत्र्याच्या कामाचा. मशीनच्या फिरत्या भागांवर जी झाकणं बसवतात, ज्यांना सगळे गार्ड म्हणतात, ती आम्ही बनवतो. दोन वर्षं मी गार्डला भोकं पाडली. मग एक दिवस ऑफिसातली मुलगी लग्न होऊन गेली आणि मालकांनी विचारलं, "कॉम्प्युटर कुणाला येतो?" मला फार येत नव्हता. पण हात वर गेला खरा.

सुपरवायझर काका इकडचेच, पारनेरकडचे. माझ्या बोलण्याची त्यांना भारी गंमत वाटायची. आमच्याकडे 'का' ऐवजी 'काहून' म्हणतात. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे भोक इकडे काहून पाडायचं जी?" तेव्हापासून, "ए काहून, इकडं ये. काहून, पाना दे." ऑफिसात गेल्यावरही तेच. "काय काहून मॅडम, एसीत बसल्या व्हय आता?" एसी नव्हता, पंखा होता. पण सगळे हसायचे. म्हणून मी हळूहळू विचारणंच कमी केलं. कळलं नाही तरी मान हलवायची. सगळ्याची सुरुवात तिथेच झाली, हे मला फार उशिरा समजलं.

महिना संपला की माझं काम असं: विक्रीची बिलं, आणि काकांच्या गेटवरच्या रजिस्टरमधली आवक-जावक, यांची यादी करून ताईंना पाठवायची. त्यावरून ताई आधी आर-वन भरतात, म्हणजे कुणाला काय विकलं त्याची बिलवार माहिती. मग थ्री-बी, म्हणजे महिन्याचा हिशोब आणि कर. विकलेला माल गिऱ्हाइकाकडून माघारी आला तर त्याची क्रेडिट नोट काढायची, तेवढी विक्री कमी होते, तेवढा कर कमी. एवढं मला पाठ झालं होतं.

श्रावणात सुप्याच्या एका कंपनीला आमचा माल गेला होता. ऑगस्टची यादी करताना रजिस्टरचं नवीन पान उघडलं. पहिलीच ओळ काकांच्या अक्षरात: 'सुप्याचा माल परत पाठवला.'

मी वाचलं आणि मला काहीच शंका आली नाही. सुप्यानं माल परत पाठवला. परत आला. आमच्याकडे 'परत' म्हणजे माघारी, दुसरं काही नाही. पुन्हा म्हणायचं असेल तर आम्ही 'अजून' म्हणू, 'आणखी' म्हणू. मी क्रेडिट नोट काढली, यादीत टाकली. माल माघारी आला तर तो शेडमध्ये दिसायला हवा, हे बघायला मी उठले नाही. काकांना विचारलं असतं तर "काहून?" ऐकावं लागलं असतं. ताईंनी यादीवरून आर-वन भरला, थ्री-बी भरला. कर तेवढा कमी गेला.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी सुप्याच्या कंपनीतून त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाचा फोन.

"मॅडम, ऑगस्टची एक क्रेडिट नोट दिसतेय तुमची आमच्या टू-बीमध्ये. कसली आहे?"

टू-बी म्हणजे आम्ही भरलेलं घेणाऱ्याला पोर्टलवर दिसतं ती यादी. "माल परत आला ना सर तुमच्याकडून. त्याची."

"अहो, माल आमच्या मशीनला लागलाय! मी आत्ता मशीन शॉपमधून चालत आलो, डोळ्यांनी बघून आलोय. तुमचे गार्ड तिथे फिरत्या पट्ट्यावर बसलेत. आणि तुम्ही म्हणता तुमच्याकडे परत आले?"

"नाही जी, म्हणजे, रजिस्टरला..."

"रजिस्टरला काय असेल ते असो. आमचं तेवढं कराचं क्रेडिट कापलं गेलं. या महिन्यात सरळ करा, नाहीतर मी वर सांगतो."

रिसीव्हर ठेवला. मी शेडमध्ये गेले आणि काकांना, सगळ्यांसमोर, विचारलं.

"परत पाठवला म्हंजी?" काका म्हणाले. "अगं, पहिल्या दिशी गाडी गेल्ती. गेट बंद. चार वाजल्यानंतर माल घेत न्हाईत ते. गाडी माघारी आली. दुसऱ्या दिशी परत पाठवला. पोचला. काय झालं?"

मागच्या पानावर, अगदी तळाला, लिहिलेलंच होतं: 'सुपे. गेट बंद. गाडी माघारी.' मी फक्त पुढचं पान वाचलं होतं.

त्या दुपारी मी ऑफिसचं दार लावून बसून राहिले. जेवणाचा डबा उघडला नाही. एकच विचार: रात्री गोंदियाला जाणारी गाडी नगर स्टेशनवरून जाते, तिच्यात बसायचं. आईला सांगायचं, काम संपलं. मालकांच्या समोर उभं राहायला नको. मी माझ्या हाताने सरकारला खोटं सांगितलं होतं. खोटं बोलायचं नव्हतं, पण कागदावर ते खोटंच होतं.

गाडीत बसले नाही. ताईंकडे गेले. का गेले ते सांगता येत नाही. बहुतेक त्या जिन्यावर कुणी ओळखीचं भेटत नाही म्हणून.

ताईंनी रजिस्टर नाकाशी धरलं. दोन्ही पानं वाचली. मी आपलं बोलतच होते, "ताई, ते ऑगस्टचं रिटर्न उघडा ना, मी ती नोट पुसते, आत्ता पुसते..."

"गप," ताई म्हणाल्या. वाचून झाल्यावर रजिस्टर खाली ठेवलं. "भरलेलं रिटर्न उघडत नाही. थ्री-बी एकदा भरला की भरला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे चूक तशीच राहणार?"

"तशी कशी राहील? पुढच्या रिटर्नमध्ये सांगायचं, की बाबा, मागे आमचं चुकलं होतं. ऑक्टोबरचा आर-वन अजून भरायचाय. त्यात दुरुस्तीचा वेगळा तक्ता असतो. जुन्या नोटेचा नंबर लिहायचा, जुनी तारीख लिहायची आणि नवी किंमत शून्य."

"शून्य चालतं?"

"चालतं. नोट पुसली जात नाही, तिची किंमत जाते. तेवढी विक्री ऑक्टोबरात वाढते. मग थ्री-बीमध्ये तो कर भरायचा, आणि तिथे पोर्टल विचारतं की यातला कर मागच्या कुठल्या महिन्याचा आहे का. तिथे ऑगस्ट सांगायचा. लपवायचं नाही. उशिराचं व्याज लागेल, ते भरायचं."

"मालक मारतील मला."

"मारणार नाहीत. ओरडतील." त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "आता लिही. आजची तारीख. काय वाचलं, काय समजलं, कधी कळलं, कुणी सांगितलं. तुझ्या अक्षरात. शुद्धलेखन राहू दे. काकांची सही घे. सुप्याच्या कंपनीचं पत्र घे, की माल आला आणि माघारी पाठवला नाही."

"हे कशाला ताई? आपण दुरुस्त तर करतोय."

"आज कुणी विचारत नाही. विचारतील तेव्हा तुला आठवणार नाही, आणि आठवलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही."

मी लिहिलं. अर्ध्या पानात पाच खाडाखोडी. ताईंनी ते तसंच फाइलला लावलं. मालक ओरडले, ताई म्हणाल्या तसेच. वरून एवढं म्हणाले, "यातून कधी काही निघालं, तर तू परत मशीनवर. नाहीतर घरी." मी मान हलवली. इथे 'परत' कुठल्या अर्थाने, हे विचारायची हिंमत नव्हती, पण या वेळी अर्थ कळला होता.

ऑक्टोबरचं रिटर्न गेलं. कर गेला, पुढच्या महिन्यात व्याज गेलं. सुप्याच्या माणसाचा फोन आला, "हां, दिसलं शून्य. झालं." मला वाटलं संपलं.

वर्ष उलटून गेलं. मग एके दिवशी पोर्टलवर नोटीस. रिटर्नच्या तपासणीची. ताईंनी फोनवर वाचून दाखवली: त्या ऑगस्टात ई-वे बिलांवरून, म्हणजे मालाच्या गाडीबरोबर जाणाऱ्या परवान्यांवरून, बाहेर गेलेला माल जास्त, रिटर्नमध्ये दाखवलेली विक्री कमी. फरक नेमका एका क्रेडिट नोटेचा. ती नोट पुढे शून्य केली आहे. माल माघारी आल्याचं ई-वे बिल नाही. तीस दिवसांत खुलासा करावा.

मी दुरुस्त केलं होतं, व्याजासकट, आणि तरीही तोच आकडा समोर उभा होता. मालकांनी नोटीस वाचली आणि ते शेडमध्ये निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या पोरीला "तुला कॉम्प्युटर येतो का गं?" असं विचारताना मी त्यांना ऐकलं.

ताईंनी पोर्टलवर लेखी उत्तर टाकलं, कागद जोडले. तपासणी करणाऱ्या जीएसटीच्या साहेबांनी मूळ रजिस्टर घेऊन बोलावलं. मालकांनी ताईंच्या नावे अधिकारपत्र दिलं आणि स्वतः आले नाहीत. "जिने केलं तिने जाऊन सांगावं," म्हणाले.

रिक्षात ताई म्हणाल्या, "आत तू बोलायचं. मी कागद देईन."

"मी? मला काय बोलता येतं जी?"

"चूक तुझी आहे ना? मग तुझ्याइतकी ती कुणाला माहीत आहे?"

साहेब पन्नाशीचे, शांत. त्यामुळे जास्त भीती वाटली. टेबलावर दोन मोबाईल. त्यांनी आमचं उत्तर समोर ठेवलं होतं.

"हे सोयीचं असतं," ते म्हणाले. "एखाद्या महिन्यात कर जास्त येतोय, मग क्रेडिट नोट काढायची, कर कमी भरायचा. दोन महिन्यांनी हात मोकळा झाला की शून्य करायची. असं बघितलंय मी."

"नाही साहेब. मला ओळ चुकीची समजली."

"दाखवा ओळ."

मी रजिस्टर उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवून, मोठ्याने वाचलं. "सुप्याचा माल परत पाठवला." वर बघितलं. "बरोबर आहे की! परत पाठवला. तुम्ही क्रेडिट नोट काढली ते बरोबरच होतं. मग शून्य काहून... का केली? माल परत आला, तर गेला कुठे? दुसऱ्या कुणाला बिलाशिवाय विकला?"

'काहून' त्यांच्या तोंडून निसटलेलं मी ऐकलं. हे आमच्याच बाजूचे कुठले तरी होते. म्हणजे त्यांनाही 'परत'चा एकच अर्थ दिसत होता, मला दिसला होता तोच. आम्ही पुरावा म्हणून आणलेलं रजिस्टरच आमच्या विरुद्ध बोलायला लागलं होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"साहेब, माल मिळाल्याची पावती आहे, कंपनीचा शिक्का..."

"त्याच दिवसाचा शिक्का. माल मिळाला, पसंत पडला नाही, त्याच दिवशी परत. बसतं की यात. ज्यांनी लिहिलंय त्यांना लावा फोन. स्पीकरवर."

काकांना फोन लावला. मागे प्रेस मशीनचा धडधडाट.

"मी जीएसटी ऑफिसातून बोलतोय. सुप्याचा माल परत पाठवला असं तुम्ही लिहिलंय. परत म्हणजे काय?"

"आं?"

"परत! परत म्हणजे काय?"

"परत म्हंजी परत, साहेब! न्हाई कळलं? परत!"

"कुणी पाठवला?"

"आपणच की! कोन पाठवनार? हॅलो? हॅलो, आवाज न्हाई..." आणि फोन कटला.

साहेब खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता इथून सरळ स्टेशन. कपडे कुणाकडून तरी मागवून घेईन.

तेवढ्यात त्यांचा दुसरा मोबाईल वाजला. त्यांनी उचलला, "हो, हो, समोर लोक बसलेत. मी परत करतो फोन. हां, दहा मिनिटांत परत करतो." ठेवला.

मी बोलले. कोण बोललं ते माझं मलाच कळलं नाही.

"साहेब, तुम्ही फोन परत कुणाला करणार? तो तुमचाच ना जी?"

ताईंनी खिडकीकडची मान वळवली. एका अधिकाऱ्याला मी टोकलं होतं, तेही त्यांच्या फोनवरच्या बोलण्यावरून.

साहेबांनी मोबाईलकडे पाहिलं. मग रजिस्टरकडे. मग मागचं पान उलटलं आणि तळाची ओळ वाचली, या वेळी मनात. 'गेट बंद. गाडी माघारी.' पुढचं पान. 'परत पाठवला.' त्यांचे ओठ हलले.

"तुमचं गाव कोणतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"अन् मी गोंदियाचा," ते म्हणाले. "तीस वर्षं झाली इकडे. 'परत करतो' कधी म्हणायला लागलो, कळलंच नाही." हसले नाहीत, पण आवाज बदलला. मग लगेच आधीसारखा झाला. "पण शब्दावर फाइल बंद होत नाही. कागद."

आता ताई बोलायला लागल्या. एकेक कागद पुढे. पहिल्या दिवशीचं ई-वे बिल, ज्याची मुदत दुसऱ्या रात्रीपर्यंत होती, म्हणून तेच बिल दुसऱ्या सकाळी चाललं. कंपनीचं पत्र. कंपनीकडून पूर्ण बिल जमा झाल्याची बँकेची नोंद. माल माघारी गेला असता तर पूर्ण बिल कुणी दिलं असतं? ऑक्टोबरच्या आर-वनमधली दुरुस्ती, थ्री-बीमधला महिनावार तपशील, पुढच्या महिन्यातलं व्याज. आणि शेवटी माझा कागद, खाडाखोडींसकट.

तो त्यांनी सगळ्यात जास्त वेळ वाचला. तारीख पाहिली. "हे तुम्ही नोटिशीच्या इतकं आधी लिहून ठेवलंत?"

"यांनी लिहायला लावलं," मी ताईंकडे बोट दाखवलं.

"'समजली' नाही, 'समझली' लिहिलंय," ते म्हणाले.

"नववी शिकले साहेब."

"दहावीचं बघा मग." त्यांनी कागद खाली ठेवला. "पुढच्या वेळी माल माघारी आला की आधी शेडमध्ये जाऊन बघायचा. मग क्रेडिट नोट."

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसून राहिले. ताईंनी उसाचा रस घेतला, दोन ग्लास, आणि एक माझ्या हातात दिला. "तू म्हणालीस ते मला आत सुचलं नसतं," एवढंच म्हणाल्या. मग, "तरी पण साहेबांना असं बोलायचं नसतं."

काही दिवसांनी पोर्टलवर आदेश आला: खुलासा मान्य, कार्यवाही बंद. मालकांनी मला ऑफिसात बोलावून तो दोनदा वाचायला लावला. खुर्चीचा विषय कुणी काढला नाही. काकांच्या रजिस्टरमध्ये आता 'दुसऱ्यांदा पाठवला' असं असतं, आणि खाली कधी कधी कंसात 'काहून मॅडम साठी'. आता मी सगळं विचारते. हसले तर हसले.

ताईंनी माझ्यासाठी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून ठेवला. फी किती म्हणून विचारलं तर "गप" म्हणाल्या. त्या कागद पूर्वीपेक्षाही जवळ धरतात हल्ली, अगदी पापण्यांना टेकेपर्यंत. ताई, एक दिवस तुम्हाला ती बारीक अक्षरं दिसणार नाहीत. त्या दिवसापासून मी त्या जिन्याने रोज संध्याकाळी वर येईन आणि तुमचं प्रत्येक रजिस्टर मोठ्याने वाचून दाखवीन, मागच्या पानाच्या तळापासून. जे दिलंत ते मी परत करीन. आणि परत करीन.